‘रिपीट’ दाबलं, पण ऑर्डर वाढली का?

‘फूड डिलिव्हरी ॲपवर मागचीच ऑर्डर एका टॅपमध्ये पुन्हा देणारं बटन आणलं, तर रोजच्या ऑर्डर्स कितीने वाढतील?’ प्रॉडक्ट मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत असा प्रश्न आला, की भल्याभल्यांची विकेट पडते. पाठ करून जावं असं उत्तरच नसतं ना! समोरच्याला तुम्ही आकड्यापर्यंत कसे पोहोचता, हे ऐकायचं असतं.

माझी मामेबहीण चार वर्षं टेस्टिंगमध्ये काढून आता पीएम व्हायच्या मागे लागलीये. दोन ठिकाणी याच राउंडला गाडी अडली, तिसरा इंटरव्ह्यू सोमवारी. म्हणून शनिवारी माझ्या एका मित्राला पकडलं. तो स्वतः पीएम आहे आणि इंटरव्ह्यूही घेतो. त्याने हाच प्रश्न टाकला.

‘पाचेक टक्के वाढतील,’ बहीण म्हणाली.

‘पाच कुठून आणलेस?’

शांतता. ‘हिशोब मनात केलास तर मला फक्त आकडा दिसतो,’ तो म्हणाला. ‘आधी रस्ता सांग, मग चालायला लाग.’

दुसऱ्या खेपेला तिने आधी विचारलं, ‘आपल्याला ऑर्डर्स वाढवायच्यात, की फक्त वेळ वाचवायचाय?’ ऑर्डर्स, असं उत्तर आलं. मग तिने सांगितलं, की ॲप उघडणाऱ्यांपासून सुरुवात करून एकेक गाळणी लावत जाईन. रोज १० लाख लोक ॲप उघडतात, असं धरू. पहिल्यांदाच आलेले वगळून ७ लाख जुने. त्यातल्या पाचातल्या एकाला आज मागचंच काहीतरी खायचंय, म्हणजे १ लाख ४० हजार.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘एवढ्या ऑर्डर्स वाढल्या’ म्हणून मोकळे होतात. पण बॉस, यातले बरेच जण बटन नसतानाही ऑर्डर देतच होते! शंभरातले साठ धरले, तर ८४ हजार. त्यांचे चार टॅप वाचले, ऑर्डर एकही वाढली नाही. उरले ५६ हजार, जे ॲप उघडून तसेच गेले. पण त्यातले कंटाळ्यामुळे किती गेले? कुणाला डिलिव्हरी चार्ज खटकला असेल, कुणाचं हॉटेल बंद असेल. तिने दहातला एक धरला. म्हणजे रोज ५,६०० जादा ऑर्डर्स. सध्याच्या ऑर्डर्स अडीच लाख धरल्या, तर वाढ सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.

‘सगळ्यात कच्चा आकडा कुठला?’ मित्राने विचारलं. ‘तो दहातला एक,’ ती लगेच म्हणाली. ‘विसातला एक निघाला तर वाढ निम्मीच.’ माझ्या मते अख्ख्या उत्तरातलं हे सगळ्यात भारी वाक्य होतं.

पुढचा प्रश्न यशाच्या मोजमापाचा, म्हणजे सक्सेस मेट्रिकचा. बटन किती जणांनी दाबलं, हे मोजायचा मोह होतोच. पण ते ८४ हजारही बटन दाबणार, आलेख वर जाणार, टीम पार्टी करणार आणि गल्ला जिथल्या तिथे! म्हणून काही युजर्सना बटन दाखवायचं, काहींना नाही, आणि दोन्ही गटांत ॲप उघडणाऱ्या शंभरांमागे किती ऑर्डर्स आल्या ते ताडून बघायचं. सोबत दोन गोष्टींवर नजर हवी. एका टॅपच्या घाईत ऑर्डर जुन्याच पत्त्यावर गेली, तर कॅन्सल होण्याचं प्रमाण वाढेल. आणि मेन्यू न बघताच ऑर्डर दिली, की वरचा गुलाबजाम राहिला. सरासरी बिल घसरू शकतं.

मग त्याने गुगली टाकली. ‘पेमेंट फेल होण्याचा प्रॉब्लेमही पेंडिंग आहे. तो सुटला तर रोज ३ हजार ऑर्डर्स वाचतील. आधी काय?’

इथे राइस नावाचा फॉर्म्युला अनेक जण वापरतात. इंटरकॉम कंपनीच्या प्रॉडक्ट टीमने तो मांडला. किती जणांपर्यंत पोहोचेल, प्रत्येकावर किती परिणाम होईल आणि आपली खात्री किती, यांचा गुणाकार करायचा आणि त्याला लागणाऱ्या मेहनतीने भागायचं. पोहोच आणि परिणाम तिच्या ऑर्डर्सच्या आकड्यात आधीच आले होते, त्यामुळे उरली खात्री आणि मेहनत. बंद हॉटेल, संपलेला पदार्थ, बदललेला भाव हे सगळं सांभाळायचं म्हणून बटनाला तिने दोन महिने धरले, खात्री ५० टक्के. म्हणजे महिन्याच्या कामामागे १,४०० ऑर्डर्स. पेमेंटचं काम महिन्याचं, आणि फेल झालेल्या व्यवहारांची नोंद हातात असल्याने खात्री ८० टक्के. म्हणजे २,४००.

‘आधी पेमेंट,’ ती म्हणाली.

‘आणि मी म्हटलं, बटन एका महिन्यात होतं?’

तिने कागद पुन्हा पुढे ओढला. ‘मग २,८०० होतात, बटन पुढे जातं. पण पन्नास टक्के खात्रीवर नाही बांधणार मी. आधी थोड्या युजर्सना साधं बटन दाखवून तो दहातला एक खरा आहे का बघेन. तोवर टीम पेमेंटवर.’