रिव्ह्यू पुन्हा पुन्हा त्या दोघांकडेच का जातो

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बहुतेक टीममध्ये एकाने लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी वाचून मान्य केल्याशिवाय मुख्य कोडमध्ये मिसळत नाहीत. या वाचनाला कोड रिव्ह्यू म्हणतात, आणि मान्यतेसाठी पुढे केलेल्या बदलाला गिटहबवर पुल रिक्वेस्ट हे नाव आहे. कोणता बदल कुणी वाचायचा हे पूर्वी टीममध्ये तोंडी ठरे. आता बहुतेक ठिकाणी ते यंत्रणा ठरवते. काही महिने गेले की यंत्रणा असलेल्या टीममध्येही एक गोष्ट दिसू लागते. सहा-सात जणांपैकी दोघांच्याच नावावर रिव्ह्यूंचा ढीग साचतो आणि बाकीच्यांकडे क्वचित एखादा येतो.

याचे मूळ निवडीच्या निकषात आहे. रिव्ह्यूअर सुचवणारी अनेक साधने कोडचा इतिहास पाहतात. प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली हे सांगणारी `git blame` ही सोय त्यांच्या हाताशी असते. बदललेल्या ओळी पूर्वी ज्याच्या हातून गेल्या, त्याला जास्त गुण मिळतात. काही साधने आधीच्या रिव्ह्यूंचेही गुण धरतात, आणि इथेच चक्र सुरू होते. रिव्ह्यू मिळाला की गुण वाढतात आणि गुण वाढले की पुढचा रिव्ह्यू मिळतो. नव्या माणसाने कोड वाचलेला नसतो म्हणून त्याला रिव्ह्यू येत नाही, आणि रिव्ह्यू येत नाही म्हणून तो कोड त्याच्या वाचनात येत नाही. यंत्रणा कुणाचा पक्षपात करत नसते. जुनी वाटणी ती फक्त पुढे चालवते.

समजा, पैशांचे व्यवहार सांभाळणारी सहा जणांची टीम आहे. चार आठवड्यांत तिच्याकडे 96 पुल रिक्वेस्ट आल्या आणि प्रत्येकीला एक रिव्ह्यू लागला. सुनंदाने त्यांतले 44 केले, विनयने 31, समीरने 9, नेहाने 7, इरफानने 4 आणि कविताने 1. सारखी वाटणी झाली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला 16 आले असते. प्रत्यक्षात 96 पैकी 75 रिव्ह्यू दोघांनी उरकले.

असे आकडे काढायला वेगळे साधन लागत नाही. गिटहबच्या `gh` या आज्ञेने एका व्यक्तीने केलेले रिव्ह्यू मोजता येतात. लेखकाने स्वतःच्याच बदलावर दिलेली उत्तरे मोजणीत येऊ नयेत म्हणून `-author` जोडलेले बरे:

```
gh pr list --state merged --limit 500 \
  --search "reviewed-by:sunanda -author:sunanda" \
  --json number --jq length
```

महिन्यापुरता आकडा हवा असेल, तर शोधात `merged:>=` लिहून तारीख द्यावी. झालेल्या कामाइतकेच महत्त्व अडलेल्या कामाला असते. ते शोधताना `review-requested:` वापरले, तर टीमच्या नावाने आलेल्या विनंत्याही व्यक्तीच्या यादीत मिसळतात आणि सगळ्यांवर सारखाच भार असल्याचा भास होतो. थेट आपल्या नावाने आलेल्या विनंत्या हव्या असतील, तर ज्याने त्याने `user-review-requested:@me` असा शोध घ्यावा.

आकडे हाती आले की टीमप्रमुख सहसा थेट सेटिंगकडे वळतो. गिटहबवर टीमच्या नावाने आलेला रिव्ह्यू एखाद्या सदस्याकडे सोपवायच्या दोन पद्धती आहेत. पाळीच्या पद्धतीत ज्याला शेवटची विनंती येऊन सर्वांत जास्त काळ लोटला आहे, त्याचा नंबर लागतो. त्याच्याकडे किती काम पडून आहे हे ती पाहत नाही. भार तोलणारी पद्धत अलीकडे आलेल्या विनंत्या आणि अजून न झालेले रिव्ह्यू या दोन्हींचा हिशेब ठेवते. कोणत्याही 30 दिवसांत सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखे रिव्ह्यू यावेत, असा तिचा रोख असतो.

ही दुसरी पद्धत सुरू करूनही महिन्याने आकडे जवळपास तेच आले, असा अनुभव पुष्कळ टीमना येतो. दोष पद्धतीचा नसतो. रिव्ह्यू तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. कोणत्या फोल्डरची जबाबदारी कुणाची हे `CODEOWNERS` नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. आपल्या उदाहरणातली फाइल अशी:

```
*          @org/payments
/ledger/   @sunanda @vinay
```

या फाइलमध्ये एकाच फाइलला दोन नियम लागू पडत असतील, तर शेवटचा नियम चालतो. म्हणून `ledger` फोल्डरमधला कोणताही बदल टीमकडे न जाता थेट सुनंदा आणि विनय यांच्याकडे जातो. टीमची भारवाटणी टीमच्या नावाने आलेल्या विनंतीवरच चालते, व्यक्तीच्या नावाला ती हात लावत नाही. शिवाय विनंती दोघांना जाते, पण त्या नियमापुरती एकाची मान्यता पुरते. त्यामुळे दोघांनीही उघडून पाहायचे आणि दोघांनीही ‘दुसरा करेल’ म्हणून सोडून द्यायचे, असेही घडते.

अशी ओळ कुणी मुद्दाम अन्याय करायला लिहीत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी तो कोड त्या दोघांनीच लिहिलेला असतो आणि त्या वेळी ते योग्यच असते. पुढे टीम वाढते आणि फाइल तशीच राहते. म्हणून भाराचा तोल साधायची सुरुवात सेटिंगऐवजी या फाइलपासून करावी. व्यक्तींची नावे काढून तिथे छोटी टीम लिहायची:

```
*          @org/payments
/ledger/   @org/ledger-reviewers
```

नव्या टीमला त्या रिपॉझिटरीत लिहिण्याचा अधिकार द्यावाच लागतो. तो नसेल तर त्या टीमला विनंती जात नाही आणि बदलल्यासारखे वाटूनही काही बदललेले नसते. मग या टीमसाठी भार तोलणारी पद्धत चालू करून एका वेळी एकच रिव्ह्यूअर निवडायला सांगायचे.

खरा प्रश्न पुढे आहे. `ledger-reviewers` मध्ये कोण कोण असावे? तिथे पुन्हा सुनंदा आणि विनयच राहिले, तर गणिताला तोलायला दोनच नावे मिळतात. यंत्रणेला ‘मोकळे कोण’ हे शोधता येते, पण ‘लायक कोण’ ही यादी माणसांनीच वाढवावी लागते. यासाठी जोडीने रिव्ह्यू करणे उपयोगी पडते. समीर आणि नेहा यांना टीममध्ये घेतले जाते आणि काही आठवडे `ledger` मधला बदल पहिल्यांदा ते वाचतात. मग सुनंदा किंवा विनय त्यांच्या शेऱ्यांवर नजर टाकून अंतिम मान्यता देतात. या काळात जुन्या दोघांचा भार कमी होत नाही, किंचित वाढतोच. हे आधीच सांगितले नाही तर दुसऱ्या आठवड्यातच प्रयोग गुंडाळला जातो. जुन्यांना समीरच्या शेऱ्यांत भर घालावी लागेनाशी झाली की त्याला एकट्याने मान्यता द्यायला हरकत नसते.

अनुभव आणि मोकळीक यांची सांगड घालणारे गणितही उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2019मध्ये मांडलेल्या ‘हूडू’ या रिव्ह्यूअर सुचवणाऱ्या पद्धतीत अनुभवाचे गुण प्रलंबित रिव्ह्यूंच्या संख्येनुसार घटत जातात. त्याच धर्तीवर समजा, सुनंदाचे अनुभवाचे गुण 9, विनयचे 7, समीरचे 4 आणि नेहाचे 3 आहेत. त्यांच्याकडे अनुक्रमे 6, 4, 1 आणि 0 रिव्ह्यू पडून आहेत. प्रत्येक प्रलंबित रिव्ह्यूमागे गुण सुमारे 18 टक्क्यांनी उतरवले, तर सुनंदाकडे 2.7 उरतात, विनयकडे 3.1, समीरकडे 3.3 आणि नेहाकडे 3. निवड समीरची होते. हीच घट 39 टक्के ठेवली, तर सुनंदा अर्ध्या गुणाच्याही खाली जाते, समीर 2.4 वर येतो आणि ज्यांना तो कोड सर्वांत कमी ठाऊक, त्या नेहाला रिव्ह्यू मिळतो. घट किती ठेवायची हे टीमनेच ठरवायचे असते. हिशेबाच्या कोडला सौम्य आणि पडद्यावरच्या मजकुराला कडक घट ठेवणे शहाणपणाचे.

केवळ प्रलंबित रिव्ह्यू मोजणाऱ्या पद्धतीत एक खोच आहे. जो झटपट वाचतो त्याच्याकडे काही पडून राहत नाही, म्हणून यंत्रणेला तो नेहमी मोकळा दिसतो आणि पुढचा रिव्ह्यूही त्याच्याकडेच जातो. चार दिवस रिव्ह्यू अडवून ठेवणारा मात्र सुटतो. म्हणून किती पडून आहेत याच्या जोडीला अलीकडे किती झाले हेही मोजणे भाग असते.

30 दिवसांच्या समान वाटपालाही मर्यादा आहेत. ते संख्या मोजते, आकार नाही. वीस ओळींचा बदल आणि आठशे ओळींचा बदल तिथे एकच धरला जातो. मोठे बदल तुकड्यांत पाठवायची सवय लावली तर हा फरक बराच निवळतो. दुसरी अडचण रजेची. गिटहबवर आपली स्थिती ‘व्यग्र’ अशी ठेवणाऱ्या सदस्याकडे नवे रिव्ह्यू सोपवले जात नाहीत. पण रजेवर जाताना ते लावायचे बरेच जण विसरतात, आणि मग गावी गेलेल्या माणसाच्या नावावर पुल रिक्वेस्ट अडकून पडते. लक्षात ठेवून लावले, तरी दोन आठवड्यांनी परतलेल्याचा 30 दिवसांचा आकडा सगळ्यांत कमी असतो. साहजिकच पहिल्या काही दिवसांत त्याच्याकडे रीघ लागते. आल्या आल्या एक-दोन दिवस तीच स्थिती कायम ठेवली, तर निदान साचलेली कामे उरकायला वेळ मिळतो.

यंत्रणेबाहेरची वाटही पाहायला हवी. ‘सुनंदाला टाक, ती लगेच बघते’ असे म्हणत लोक हाताने तिचे नाव जोडतात. अशा विनंत्या वेगळ्या काढून मोजल्याशिवाय दोष सेटिंगचा की सवयीचा हे कळत नाही. यंत्रणेने समीरला निवडले आणि शेवटी मान्यता सुनंदाने दिली, असे वारंवार दिसत असेल, तर सवयीचे पारडे जड आहे.

बदल केल्यावर पुन्हा चार आठवड्यांचे आकडे काढायचे, मात्र या वेळी त्यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहायच्या. पुल रिक्वेस्ट उघडल्यापासून पहिला शेरा यायला लागणारा वेळ सुरुवातीला थोडा वाढणे स्वाभाविक आहे, पण दुसऱ्या महिन्यात तो खाली यायला हवा. आणि मर्ज झाल्यावर मागे घ्यावे लागलेले बदल वाढले, तर यादीत माणसे वेळेआधी घातली गेली असे समजावे. सगळ्यांचा आकडा 16 वर आणण्याची गरज नसते. आपल्या टीममध्ये सुनंदा 44 वरून 22 वर आली आणि कविता 1 वरून 10 वर गेली, तरी पुरे. गुप्त संकेत किंवा पैशांच्या हिशेबाचा गाभा असे काही कोपरे बराच काळ दोघा-तिघांकडेच राहतील. तिथला भार कमी करायचा असेल, तर त्या दोघांना येणारे बाकीचे सगळे रिव्ह्यू काढून घ्यावे लागतात.