पांढरी, गुलाबी, पिवळी: बिलातली कुठली प्रत कुणाची?

हार्डवेअरच्या दुकानात बिल फाडलं की आपल्या हाती पांढरा कागद येतो. गुलाबी टेम्पोवाल्याकडे जातो आणि पिवळा पुस्तकातच राहतो. रंग मात्र छापखान्याच्या सोयीचे. कायद्यात त्यांचा उल्लेख नाही. कायदा बघतो ते कागदाच्या डोक्यावर काय छापलंय ते. केंद्रीय जीएसटी नियमांतला ४८वा नियम सांगतो की मालाचं बिल तीन प्रतींत करायचं. पहिल्या प्रतीवर ‘ओरिजिनल फॉर रेसिपिएंट’, म्हणजे माल घेणाऱ्यासाठी. दुसरीवर ‘डुप्लिकेट फॉर ट्रान्सपोर्टर’, म्हणजे वाहतूकदारासाठी. आणि तिसरीवर ‘ट्रिप्लिकेट फॉर सप्लायर’, म्हणजे माल देणाऱ्यासाठी. सेवा दिली असेल तर वाहून न्यायला काहीच नसतं, म्हणून तिथे दोनच प्रती: मूळ ग्राहकाला, दुसरी आपल्याला.

समजा, सांगलीच्या एका दुकानदाराने तासगावच्या नोंदणीकृत दुकानदाराला वीस पीव्हीसी पाइप पाठवले. नगाला ४५० रुपये, म्हणजे ९,००० रुपयांचा माल. त्यावर केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के, असे ८१० आणि ८१० रुपये कर. एकूण १०,६२० रुपये. दुकानदार पहिल्या आणि दुसऱ्या कागदाखाली कार्बन घालतो, चकचकीत बाजू खाली. तिसऱ्या कागदाखाली पुठ्ठा सरकवतो, नाहीतर पेनचा दाब पुढच्या कोऱ्या बिलावर उमटतो. कार्बन उलटा पडला तर वरच्याच कागदाच्या पाठीवर अक्षरं उमटतात आणि खालची प्रत कोरी राहते. म्हणून पहिली ओळ लिहिली की कागद उचलून एकदा बघावं.

तासगावच्या दुकानदाराला मूळ प्रत लागते कारण त्याने भरलेले १,६२० रुपये त्याला पुढे स्वतःच्या करातून वजा करून घ्यायचे असतात. त्यासाठी बिल त्याच्या ताब्यात असावं, अशी अट आहे. नुसतं बिल पुरत नाही. सांगलीवाल्याने तेच बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं असावं लागतं. ते तो कशावरून भरतो? पुस्तकात राहिलेल्या तिसऱ्या प्रतीवरून. ही प्रत फिकट उमटली आणि ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकातला एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर नुकसान तासगावला होतं. तीन प्रतींत सगळ्यात खालची, सगळ्यात पुसट प्रत सगळ्यात जास्त कामाची, ही या पुस्तकाची गंमत आहे.

मधली प्रत गाडीत असते. रस्त्यात तपासणी झाली तर माल कुणाचा, कुठून कुठे चाललाय, हे चालक त्यावरून दाखवतो. माल उतरवल्यावर तिच्यावरच पोच म्हणून सही-शिक्का घ्यायची व्यापारातली रीत आहे.

आता तासगावला माल उतरवताना दोन पाइप फुटलेले निघाले असं धरा. ‘२ नग फुटके’ हा शेरा टेम्पोवाल्याच्या प्रतीवर पडतो. मूळ प्रतीवर तो आपोआप येत नाही, सांगलीच्या पुस्तकात तर नाहीच, कारण कार्बनचं काम बिल फाडतानाच संपलेलं असतं. इथे बरेचजण मूळ बिलावर खाडाखोड करून वीसचे अठरा करतात. असं झालं की एकाच क्रमांकाची दोन वेगळी बिलं अस्तित्वात येतात. बरोबर वाट अशी की बिलाला हात लावायचा नाही. सांगलीवाल्याने दोन पाइपांची क्रेडिट नोट काढायची: ९०० रुपये माल, ८१ आणि ८१ कर, एकूण १,०६२ रुपये.

लिहिताना चुकलेलं बिल फाडून टाकणं हीसुद्धा तितकीच वाईट खोड आहे. बिलांचे क्रमांक ओळीने असावे लागतात. ११७ नंतर थेट ११९ आला तर ११८ कुठे गेला, हा प्रश्न येणारच. तिन्ही प्रती पुस्तकातच ठेवाव्यात आणि त्यांवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहावं. दोनच प्रती असतील तर तिसरी कुणाकडे तरी आहे, असा संशय कुणीही घेईल.

ई-इन्व्हॉइस लागू असलेल्या मोठ्या व्यापाऱ्यांना या तीन प्रतींचं बंधन नाही. बाकीच्यांनी बिल संगणकावर काढलं तरी नियम तोच.

हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२५-२६ या वर्षाच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे. म्हणजे या वर्षातली पिवळी प्रत ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत वाचता आली पाहिजे. बिलबुकं माळ्यावर ओलीत टाकण्याआधी तेवढं लक्षात ठेवा.