शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा: मटण, कोंबडी आणि कुकरची वाफ

मटण शिजवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिट्ट्या किती? कुणी पाच सांगतं, कुणी आठ, कुणी बारा. प्रत्येकाचा आकडा त्याच्या घरच्या कुकरवर खराही असतो. पण तोच आकडा दुसऱ्या घरी लावला की मटण वातड तरी राहतं किंवा हाडापासून सुटून रश्शात विरघळतं. शिट्ट्यांचा हिशेब आणि वाफ काढण्याची घाई, या दोन ठिकाणी मटण-कोंबडीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. म्हणून त्याबद्दलचे काही पक्के समज तपासून पाहू.

गैरसमज 1: शिट्ट्या सारख्या, तर शिजणंही सारखं.

वस्तुस्थिती: शिट्टी होते तेव्हा आतल्या वाफेचा दाब वजनाला उचलतो आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. शिट्टीवरून एवढंच कळतं. दोन शिट्ट्यांमध्ये किती वेळ जाईल हे आचेवर, कुकरच्या आकारावर, आत किती भरलंय त्यावर आणि रिंग किती जुनी आहे यावर अवलंबून असतं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार-पाच मिनिटांत होतील, बारीक आचेवर त्यालाच अर्धा तास लागेल.

मोठ्या आचेमुळे मटण लवकर शिजतं, असंही नाही. आपल्याकडच्या बहुतेक कुकरमध्ये पूर्ण दाबाला आतलं तापमान साधारण 120 अंश सेल्सिअस असतं. वजन उचललं गेलं की दाब तिथेच अडतो आणि तापमानही त्यापुढे जात नाही. वाढीव आच नुसती वाफ बाहेर घालवते, पाणी आटवते आणि तळाचा मसाला लावते. म्हणून मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग आच अगदी बारीक करा आणि तिथपासून घड्याळ लावा.

गैरसमज 2: वातड मटण म्हणजे जास्त शिजलेलं मटण.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा ते कमी शिजलेलं असतं. फरा, मांडी, मान या बोकडाच्या सतत हालचाल करणाऱ्या भागांत स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन भरपूर असतं. ते विरघळून त्याचं जिलेटिन झालं की मटण मऊ होतं आणि रश्शाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. उघड्या पातेल्यात याला दीड-दोन तास लागतात, कुकरच्या 120 अंशांना वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

फरक हाताला कळतो. तुकडा दाबल्यावर रबरासारखा परत वर आला आणि दाताखाली ओढला गेला, तर त्याला अजून वेळ हवा. धागे सहज सुटे होत असतील, पण तोंडात कोरडा चोथा उरत असेल, तर वेळ जास्त झाला. पहिली चूक दुरुस्त होते, दुसरी होत नाही. म्हणून सुरुवात नेहमी कमी वेळाने करावी. एकदा कुकर उघडला की मटण पुढे शिजत नाही, हा समज खोटा आहे. झाकण लावून पुन्हा पाच मिनिटं दिली की ते शिजतं. मध्ये पाणी घालावं लागलं तर गरम घालावं, म्हणजे पुन्हा दाब यायला वेळ लागत नाही.

गैरसमज 3: हाडासकट आहे, म्हणजे कोंबडीलाही मटणाइतकाच वेळ.

वस्तुस्थिती: वेळ हाडावर ठरत नाही, जनावराच्या वयावर ठरतो. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम पाच-सहा आठवड्यांची असते. तिच्या मांसात चिवट कोलॅजेन तयारच झालेलं नसतं. मध्यम तुकड्यांना पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर चार-पाच मिनिटं खूप झाली. त्यापुढे छातीचे तुकडे कोरडे पडतात आणि बारीक हाडं सुटून रश्शात येतात.

गावरान कोंबडीचं गणित वेगळं. ती कित्येक महिने फिरून, उकरून वाढलेली असते. तिला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि जून कोंबड्याला मटणाइतकाच वेळ द्यावा लागतो.

ब्रॉयलरच्या हाडाजवळ लालसर-तपकिरी दिसलं की कच्ची राहिली म्हणून कुकर पुन्हा चढवला जातो. कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात आणि आतल्या मगजाचा रंग शिजताना बाहेर झिरपतो. त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नये. मांडीचा जाड तुकडा हाडापर्यंत उघडून पाहावा. मांस पांढरट, घट्ट आणि निघणारा रस नितळ असेल तर ती शिजली. मांस काचेसारखं गुलाबी दिसलं तर मात्र आणखी शिजवायलाच हवं.

गैरसमज 4: गॅस बंद केला की काम संपलं, वाफ कशीही काढा.

वस्तुस्थिती: कुकर आपोआप पडेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं शिजण्याचाच भाग असतात. गॅस बंद केला तेव्हा रस्सा 120 अंशांवर असतो. वजन उचलून दाब एकदम घालवला की तेवढ्या तापमानाला पाणी द्रवरूपात राहू शकत नाही. ते 100 अंशांवर येईपर्यंत खळाळून उकळतं आणि लिटरभर रश्शातलं जवळपास 40 मिलीलिटर पाणी काही क्षणांत वाफ होऊन जातं. तीच उकळी मांसाच्या धाग्यांमधल्या पाण्यालाही फुटते. तुकड्यांतला रस बाहेर पडतो, कडा फाटतात आणि मऊ झालेलं मटण कोरडं लागतं. शिवाय तेल-मसाल्याचा रस्सा उसळून वाफेच्या नळीतून बाहेर येतो, हात भाजतो आणि नळी तुंबते. कुकर नळाखाली धरला तरी आतली उकळी तशीच फुटते, फक्त ती दिसत नाही.

म्हणून मटण आणि गावरान कोंबडीचा कुकर आपोआप पडू द्यावा. ब्रॉयलरला मात्र पूर्ण वेळ थांबणं नडतं, कारण बंद कुकरच्या उष्णतेत ती शिजतच राहते. तिथे गॅस बंद करून पाच मिनिटं थांबावं आणि उरलेली वाफ चिमट्याने वजन जरा जरा उचलत काढावी. रस्सा उसळू लागला तर वजन लगेच खाली सोडावं. झाकणाशी कधीही जबरदस्ती करू नये.

एक किलो मटणाचा हिशेब

पाच लिटरचा कुकर घ्या. हळद, मीठ आणि आलं-लसूण लावलेलं मटण कांद्यावर सात-आठ मिनिटं परता. त्याला अंगचं पाणी सुटेल. मग दोन कप गरम पाणी घाला. कुकर दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. मटण कोवळं असेल तर पंधरा ते अठरा मिनिटं, मध्यम असेल तर वीस-बावीस आणि जून असेल तर तीस मिनिटं द्या. गॅस बंद करून कुकर पडू द्या. मग फऱ्याचा एक जाड तुकडा दाबून पाहा, कारण चापेचा तुकडा लवकर शिजतो आणि त्यावरून अंदाज चुकतो. तयार आळणी पाणी वेगळं काढा आणि वाटण परतून रस्सा करा. रश्शात मटण आणखी पाच-सात मिनिटं उकळणार आहे, हे धरून कुकरमध्ये ते अगदी किंचित कमी शिजलेलं चालतं.

वेळ एकदा जमली की खाटकाकडून घेतलेलं मटण कोवळं होतं की जून आणि त्याला किती मिनिटं लागली, हे लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपल्या कुकरला तोच आकडा लागू पडेल.