रोख्याच्या जादा परताव्यात नेमकं काय दडलेलं असतं?

कंपनीचा रोखा सरकारी रोख्यापेक्षा जास्त परतावा देतो. या फरकाला बाजारात स्प्रेड म्हणतात आणि सगळा स्प्रेड म्हणजे कंपनी बुडण्याच्या जोखमीचा मोबदला, असं सर्रास धरलं जातं. तिथेच हिशेब चुकतो.

समजा, एका कंपनीने ३०० रुपयांचा तीन वर्षांचा रोखा काढला. ती दरवर्षी १०० रुपये मुद्दल फेडेल आणि उरलेल्या रकमेवर ८ टक्के व्याज देईल. म्हणजे हातात येणार अनुक्रमे १२४, ११६ आणि १०८ रुपये. तीन वर्षांचा सरकारी रोखा ६.९१ टक्के देत असेल, तर साधा स्प्रेड १.०९ टक्के.

पण या रोख्याचा बराच पैसा पहिल्या दोन वर्षांतच परत येतो. सरकार एका वर्षासाठी ५, दोन वर्षांसाठी ६ आणि तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी पैसे उचलत असेल, तर सगळी तुलना तीन वर्षांच्या दराशी का करायची? झेड-स्प्रेड प्रत्येक रक्कम तिच्या मुदतीच्या सरकारी दराशी ताडतो. तिन्ही दरांत एकच आकडा मिळवायचा आणि तिन्ही रकमांचं आजचं मूल्य ३०० रुपये भरेपर्यंत तो बदलत राहायचा. इथे तो निघतो सुमारे १.७६ टक्के. मुदतींच्या गफलतीमुळे स्प्रेड दोन-तृतीयांश टक्क्याने कमी दिसत होता! त्यासाठी लागणारे मुदतवार सरकारी दर मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया प्रसिद्ध करते.

आता याच किमतीच्या, याच हप्त्यांच्या रोख्यात मुदतीआधी कर्ज फेडण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, कंपनीने राखून ठेवला असेल तर? दर उतरले की कंपनी स्वस्तात नवं कर्ज काढून जुनं फेडते आणि गुंतवणूकदाराला तो पैसा कमी दराने गुंतवावा लागतो. झेड-स्प्रेडला हे दिसत नाही. तो सगळे हप्ते वेळेवर येणार असंच धरतो. ऑप्शन-अ‍ॅडजस्टेड स्प्रेड काढताना मात्र व्याजदरांच्या अनेक संभाव्य वाटा आखतात, प्रत्येक वाटेवर कंपनी कधी फेडेल ते पाहतात आणि सगळ्यांची सरासरी बाजारभावाशी जुळवतात. या हक्काची किंमत ०.६० टक्के निघाली, तर उरतो १.१६ टक्के. असा हक्क नसलेला, १.४० टक्के झेड-स्प्रेडचा दुसरा रोखा मग जोखमीचा मोबदला जास्त देतो. हक्क गुंतवणूकदाराकडे असेल, म्हणजे पुट ऑप्शन, तर गणित उलटतं आणि हा स्प्रेड झेड-स्प्रेडहून मोठा होतो.

मात्र ते ०.६० टक्के गृहीतकांवर उभे असतात. दर जास्त हेलकावतील असं धरलं, की कॉल ऑप्शन महागतो आणि स्प्रेड घटतो. म्हणून दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत.

शेवटी उरलेल्या आकड्यात बुडण्याची जोखीम आणि रोखा सहज न विकला जाण्याची अडचण, दोन्ही एकत्रच राहतात. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ रोखे शून्यावर आले. त्या रोख्यांतही कॉल ऑप्शन होता, पण गुंतवणूकदारांना बुडवलं ते दुसऱ्याच कलमाने: बँक अडचणीत आली तर मुद्दल पुसून टाकण्याच्या. रोखा घेताना स्प्रेडचा आकडा कोणता आहे हे विचारावंच, आणि माहितीपत्रकातलं हे कलमही वाचावं.