‘माफक’ जोखीम म्हणजे नेमकी किती?

 

म्युच्युअल फंडाची जाहिरात लागली की शेवटी एक वाक्य सुसाट वेगात येतं. गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे, वगैरे. आपण ते ऐकतो आणि सोडून देतो. पण मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, आणि एकदा असाच मजकूर माझ्या टेबलावर आला. एका योजनेचा स्कीम इन्फर्मेशन डॉक्युमेंट, म्हणजे एसआयडी. योजनेचे पैसे कुठे गुंतवणार, खर्च किती, धोका किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

योजना होती कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड प्रकारातली. सेबीच्या नियमानुसार या प्रकारात 75 ते 90 टक्के पैसे कर्जरोख्यांत आणि उरलेले 10 ते 25 टक्के शेअर्समध्ये असतात. माझा पहिला मसुदा तयार झाला आणि मी तो मावशीला वाचायला दिला. मावशी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, पैसे एफडीत आहेत. तिने चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाली, “अगं, हे तर माझ्यासाठीच आहे. जोखीम माफक, उत्पन्न निश्चित. एफडी मोडून इथेच टाकते की!”

माझ्या पोटात गोळा आला. मूळ इंग्रजीत यातलं काहीच नव्हतं. एकही आकडा चुकला नव्हता, एकही वाक्य गळलं नव्हतं. तरीही मावशीपर्यंत भलताच निरोप पोचला होता. कुठे घसरले, ते सांगते.

पहिला शब्द, ‘माफक’. एसआयडीच्या सुरुवातीलाच रिस्कोमीटर असतो, गाडीच्या स्पीडोमीटरसारखा काटा असलेला. 2021 पासून त्यावर सहा पायऱ्या आहेत: लो, लो टू मॉडरेट, मॉडरेट, मॉडरेटली हाय, हाय आणि व्हेरी हाय. माझ्या योजनेचा काटा ‘मॉडरेटली हाय’वर होता, म्हणजे खालून चौथ्या पायरीवर. ही पायरी कुणी अंदाजाने ठरवत नाही. योजनेतल्या रोख्यांना आणि शेअर्सना गुण देऊन सरासरी काढतात. ती 3 च्या वर आणि 4 पर्यंत आली की हे लेबल लागतं. हा हिशेब दर महिन्याला होतो.

मी लिहिलं होतं ‘माफक जास्त’. शब्दकोशात मॉडरेटला माफक चालतं. पण आपण माफक कुठे वापरतो? माफक दर, माफक फी, माफक अपेक्षा. म्हणजे परवडेल असं, बरं वाटेल असं. पुढचा ‘जास्त’ मावशीच्या डोक्यात शिरलाच नाही. ‘मर्यादित’ लिहिलं असतं तर आणखी वाईट झालं असतं, कारण मर्यादित म्हटलं की तोट्याला कुठेतरी कुंपण आहे असं वाटतं. ‘उच्च’ शब्दाचीही गंमत आहे. उच्च शिक्षण, उच्च दर्जा, उच्च पद. बहुतेक ठिकाणी तो चांगल्याच गोष्टीला चिकटलेला असतो.

मग मी एक साधी परीक्षा केली. सहा लेबलं सहा चिठ्ठ्यांवर लिहिली, चिठ्ठ्या पिसल्या आणि घरच्यांना कमी जोखमीपासून जास्तीकडे लावायला सांगितल्या. इंग्रजी कुणालाच दाखवलं नाही. ‘माफक जास्त’ची चिठ्ठी दोघांनी ‘मध्यम’च्या खाली ठेवली! लेबल हा सुटा शब्द नसतो, ती शिडीची पायरी असते. शेवटी ठरलं ते असं: कमी, कमी ते मध्यम, मध्यम, मध्यमपेक्षा जास्त, जास्त, खूप जास्त. कानाला फार गोड नाही, पण या वेळी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच क्रमाने लागल्या. आणि एकदा ठरलेला शब्द पानोपानी तोच ठेवायचा. पुनरुक्ती टाळायची सवय इथे नडते, कारण शब्द बदलला की वाचणाऱ्याला पायरी बदलली असं वाटतं.

दुसरा शब्द, ‘निश्चित’. इंग्रजीत होतं ‘फिक्स्ड इन्कम सिक्युरिटीज’. मी लिहिलं ‘निश्चित उत्पन्न देणारे रोखे’. शब्दाला शब्द बरोबर. पण इंग्रजीतला फिक्स्ड हा त्या रोख्यावरच्या व्याजाबद्दल आहे, तुमच्या हातात पडणाऱ्या पैशांबद्दल नाही. बाजारात व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत घसरते, आणि त्याबरोबर योजनेची एनएव्हीसुद्धा. कंपनीने पैसे बुडवले तर व्याजही जातं. मराठीत मात्र ‘निश्चित उत्पन्न’ म्हणजे सरळ पेन्शनच. मी तिथे ‘कर्जरोखे’ हा शब्द घेतला. नेमकं तेच सांगतो, आणि कसलंच आश्वासन देत नाही.

तिसरी चूक शब्दाची नव्हती, माझ्या गोड स्वभावाची होती. मूळ वाक्य एवढंच होतं की योजनेचं उद्दिष्ट साध्य होईल याची कोणतीही हमी नाही. मी लिहिलं, ‘उद्दिष्ट साध्य करण्याचा पूर्ण प्रयत्न केला जाईल, मात्र खात्री देता येणार नाही.’ तो ‘पूर्ण प्रयत्न’ आला कुठून? माझ्या मनातून! वाक्य कोरडं वाटलं म्हणून मी उशी ठेवली. वाचणारा उशीवर टेकतो आणि मागचं वाक्य विसरतो.

असंच आणखी एक वाक्य. मागची कामगिरी पुढे टिकू शकेल किंवा टिकणारही नाही, असं मूळात आहे. दोन्ही पारडी सारखी. माझं होतं, ‘कामगिरी टिकेलच असे नाही.’ चुकीचं नाही, पण त्या ‘च’ने पारडं झुकवलं. ‘येईलच असं नाही’ म्हणताना आपल्या मनात ‘बहुतेक येईल’ असतंच ना? म्हणून दोन्ही शक्यता उघड लिहिल्या.

पण दुसऱ्या बाजूलाही पाय घसरतो, बरं का. घाबरून मी एका ठिकाणी ‘पैसे बुडतील’ लिहून बसले होते. मूळात होतं ‘बुडू शकतात’. इशारा वाढवणं हीसुद्धा चूकच, कारण मग वाचणारा खरा धोका आणि माझी भीती यांत फरक करू शकत नाही.

शेवटची तपासणी मैत्रिणीने केली. तिने मूळ पाहिलेलं नव्हतं. तिला फक्त माझी मराठी दिली आणि इशाऱ्यांची वाक्यं परत इंग्रजीत करायला सांगितली. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून तीनच गोष्टी पाहिल्या. ‘शकते’ आणि ‘होईल’ यांची अदलाबदल झाली का, नकार शाबूत आहे का, आणि मूळात नसलेला दिलासा आला का. याने सगळं सापडत नाही. माफकसारखा शब्द परत इंग्रजीत नेला की निमूट मॉडरेट होतो आणि निसटतो. त्यासाठी चिठ्ठ्याच हव्यात, आणि मावशी.

दुरुस्त मसुदा मी तिला पुन्हा दिला. या वेळी तिने वेळ घेतला, मध्येच मागे जाऊन रिस्कोमीटर पाहिला. मग म्हणाली, “म्हणजे एफडीसारखं नाही हे. थोडे टाकून बघायचे का ते ठरवू, पण एफडी नाही मोडत बाई.”

योजना तीच होती, कागदही तोच. या वेळी निर्णय तिने घेतला होता, माझ्या ‘माफक’ने नाही.