प्रकल्पाच्या परीक्षणासाठी तज्ज्ञास पत्र

बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे अंतिम वर्षी एक अडचण हमखास उभी राहते. प्रकल्प पूर्ण होत आलेला असतो, मार्गदर्शक प्राध्यापकांनी तो पाहिलेला असतो. परंतु ज्या व्यवसायासाठी तो केला, त्या व्यवसायाच्या जाणकाराने तो तपासलेला नसतो. अशा वेळी बाहेरच्या तज्ज्ञास बोलाविणे इष्ट ठरते. ते बोलावणे पत्राने होते आणि तज्ज्ञाची भेट किती उपयोगी पडेल हे पुष्कळ अंशी त्या पत्रावरच अवलंबून असते.

परीक्षक आणि तज्ज्ञ

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 1998 साली स्थापन झालेल्या आणि बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या मौखिक परीक्षेसाठी बाह्य परीक्षक नेमण्याचा अधिकार विद्यापीठाचा आहे. आपला परीक्षक विद्यार्थी निवडू शकत नाही. विद्यार्थी ज्यास बोलावितात तो तज्ज्ञ गुण देण्यासाठी येत नाही. अंतिम परीक्षेपूर्वी कामातील उणिवा दाखविण्यासाठी येतो. म्हणून पत्रात "परीक्षण व चर्चा" असे शब्द असावेत आणि ते मार्गदर्शक व प्राचार्य यांच्यामार्फत जावे.

तज्ज्ञांनी महाविद्यालयात येऊन प्रकल्प पाहण्याची प्रथा कर्नाटकात नवी नाही. बंगळूर येथील कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद 1977 पासून विद्यार्थी-प्रकल्पांना अर्थसाहाय्य देण्याचा कार्यक्रम राबवीत आली असून, त्यात तज्ज्ञांकडून प्रकल्पांचे मूल्यमापन होते.

गुऱ्हाळाचे उदाहरण

समजा, निपाणी परिसरातील चार विद्यार्थ्यांनी गुऱ्हाळाच्या चुलवाणात सुधारणा केली आहे. जाळाखाली लोखंडी जाळी बसविली आणि धुराड्याची उंची वाढविली. त्यांचा निष्कर्ष असा की, 100 किलो रस आटविण्यास जुन्या चुलवाणास 60 किलो चिपाड लागत होते, तर नव्यास 48 किलो पुरते. म्हणजे जळणात पाचव्या हिश्शाची बचत झाली. हे खरे असेल तर गुऱ्हाळमालक चुलवाण मोडून नवे बांधण्याचा खर्च करील. खोटे असेल तर तो खर्च मातीत जाईल.

विद्यार्थ्यांचे पहिले पत्र असे होते: "आमचा प्रकल्प उत्तम झाला असून आपण येऊन मौलिक मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती." या पत्रावरून तज्ज्ञास काय पाहावयाचे आहे याचा बोध होत नाही. तो येईल, चुलवाण पाहील, चार शब्द कौतुकाचे बोलेल आणि परत जाईल. मार्गदर्शकांनी ते परत करून नव्याने लिहावयास सांगितले. दुसरे पत्र पुढीलप्रमाणे झाले.

"माननीय महोदय, सविनय निवेदन. आम्ही यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी असून गुऱ्हाळाच्या चुलवाणातील जळणाची बचत हा आमचा विषय आहे. जुन्या चुलवाणाची मोजणी आम्ही पावसाची सर येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात, तर नव्याची कडक उन्हात केली. दोन्ही वेळी रस 100 किलो व गूळ सुमारे 20 किलो होता. चिपाडातील ओलावा पहिल्या वेळी शेकडा 25 व दुसऱ्या वेळी शेकडा 10 आढळला. धुराचे तापमान आम्ही मोजलेले नाही. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. आपण सोयीच्या दिवशी दोन तास द्यावेत. प्रवासाची व्यवस्था महाविद्यालय करील. पुढील विषयांवर आपले मत हवे आहे:

1. ओलाव्यातील फरक जमेस धरल्यास आमची बचत टिकते काय?

2. जाळीमुळे हवा वाढते, पण ती प्रमाणाबाहेर गेल्यास उष्णता धुराड्यावाटे जाते. योग्य प्रमाण कसे ओळखावे?

3. जाळ कमी-जास्त करण्याचे गुळव्याचे अंदाज आमच्या मोजमापात कसे आणावेत?

4. नव्या चुलवाणाचा खर्च किती हंगामांत वसूल झाल्यास मालकास तो परवडेल?"

एका विषयाची उकल

या यादीतील पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. 100 किलो रसापासून 20 किलो गूळ झाला म्हणजे सुमारे 80 किलो पाणी वाफ होऊन गेले. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे वाफेसाठी सुमारे 43,000 आणि रस तापविण्यासाठी सुमारे 7,000, मिळून 50,000 किलोकॅलरी उष्णता काहिलीत जावी लागते. चुलवाण जुने असो वा नवे, ही गरज तीच राहते.

आता जळणाकडे पाहू. शेकडा 10 ओलावा असलेले चिपाड किलोमागे सुमारे 3,700, तर शेकडा 25 ओलाव्याचे सुमारे 3,000 किलोकॅलरी देते. कारण ओल्या चिपाडात जळणारा भाग कमी असतो आणि त्यातील पाणी उडविण्यातही उष्णता खर्च होते. जुन्या चुलवाणात 60 किलो ओलसर चिपाडाने 1,80,000 किलोकॅलरी दिल्या. नव्यात 48 किलो कोरड्या चिपाडाने सुमारे 1,78,000. उपयोगी पडलेल्या 50,000 किलोकॅलरींचे प्रमाण दोन्हीकडे शेकडा 28 च्या आसपास येते! जी बचत चुलवाणाची वाटली, ती वस्तुतः उन्हाची होती.

विद्यार्थ्यांनी ओलाव्याचे आकडे पत्रात लिहिले, म्हणूनच ही चूक कागदावर दिसू शकली. ते लपविले असते, किंवा मोजलेच नसते, तर तज्ज्ञासही ती एका भेटीत सापडली नसती. ओलावा मोजणे कठीण नाही. 100 ग्रॅम चिपाड तोलून घ्यावे, भट्टीत सुमारे 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे आणि पुन्हा तोलावे. 75 ग्रॅम उरल्यास ओलावा शेकडा 25 होय.

याचा अर्थ जाळी निरुपयोगी आहे असा मात्र नाही. दोन्ही चुलवाणे एकाच ढिगातील चिपाडावर, एकाच गुळव्याच्या हाताखाली, लागोपाठच्या दिवशी आणि एकापेक्षा अधिक वेळा चालविल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही फेरमोजणी कशी करावी हे ठरविणे, हाच तज्ज्ञाच्या दोन तासांचा खरा उपयोग होय.

पत्र कोणाकडे व केव्हा

या विषयासाठी कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र निपाणीहून जवळ आहे. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. प्रकल्प तंबाखूच्या पिकाचा असता, तर निपाणीच्याच कृषी संशोधन केंद्राकडे जाणे योग्य ठरले असते. पत्र संस्थाप्रमुखांच्या नावे लिहावे. कोल्हापूरला मराठीत लिहिण्यास हरकत नाही. मात्र प्रकल्प-अहवाल इंग्रजीत असल्यास त्याचा एक पानी गोषवारा मराठीत जोडावा, म्हणजे चर्चेस बसणाऱ्या गुळव्यालाही तो वाचून दाखविता येईल.

वेळेचे भान राखणे अगत्याचे आहे. गुऱ्हाळे सामान्यतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी थांबतात. परीक्षेच्या आठवड्यात आलेला तज्ज्ञ केवळ अहवाल वाचू शकेल. चुलवाण पेटलेले असताना आला, तर फेरमोजणीस अवधी मिळेल. म्हणून पत्र हंगामाच्या मध्यावर, भेटीच्या किमान 15 दिवस आधी धाडावे. भेटीनंतर तज्ज्ञाने सुचविलेले बदल आणि फेरमोजणीचे आकडे अहवालात स्वतंत्र प्रकरणात नोंदवावेत. बचत शून्य निघाली, तरी ती तशीच लिहावी. पुढील वर्षीचे विद्यार्थी आणि तो गुऱ्हाळमालक, दोघांनाही त्या आकड्याची गरज आहे.