बोटावरचे अठ्ठ्याण्णव

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार फिरून लोकांच्या बोटाला चिमटा लावू लागले. तोवर बहुतेक रुग्णालयांतच दिसणारे पल्स ऑक्सिमीटर त्या वर्षी नाशिकच्या सिडकोपासून सुरगाण्याच्या पाड्यापर्यंत पोचले. ९४ च्या खाली आकडा गेला की हालचाल करायची, हे घराघरात पाठ झाले. कोविडच्या त्या साथीपुरता हा नियम उपयोगाचा होता आणि त्याने अनेकांना वेळेवर दवाखान्यात पोचवले. साथ ओसरल्यावर यंत्र मात्र घरातल्या औषधांच्या डब्यात राहिले, आणि त्याच्याकडून आता कुठल्याही दुखण्याचा निकाल मागितला जातो. चक्कर येते, लाव बोटाला. धाप लागते, लाव बोटाला. ९८ आले की सगळे ठीक. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे यंत्र एका फार अरुंद प्रश्नाचे उत्तर देते आणि तेही एका अटीवर. अट मोडली की आकडा चुकतो. प्रश्न वेगळा असला तर आकडा बरोबर असूनही आपण चुकतो. या दोन चुका निराळ्या आहेत आणि त्या ओळखायच्या खुणाही निराळ्या आहेत.

आधी अट पाहू. चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकाश बोटात शिरतात, एक डोळ्यांना दिसणारा लाल आणि दुसरा न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त, ऑक्सिजन नसलेल्याचे उलट. पलीकडच्या बाजूला किती प्रकाश पोचला यावरून दोघांचे प्रमाण काढता येते. अडचण अशी, की बोटात कातडी, हाड, नख आणि शिरांतले रक्तही असते आणि तेही प्रकाश अडवते. ही अडचण जपानमधल्या निहॉन कोडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये सोडवली. ते खरे तर रक्तात रंगद्रव्य सोडून हृदयाचा रक्तप्रवाह मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख सारखा थरथरत होता. ती थरथर पुसून टाकण्याऐवजी त्यांनी तिचाच उपयोग केला. कातडी आणि हाड ठोक्यागणिक बदलत नाहीत, बदलते ते फक्त धमनीतले रक्त. म्हणून प्रकाशाचा जो अंश नाडीबरोबर वरखाली होतो तेवढाच मोजायचा. हा अंश अगदी लहान असतो, पोचलेल्या प्रकाशाचे एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी. यंत्राचे सगळे गणित त्या इवल्याशा चढउतारावर उभे आहे. बोटात ठोकाच नसेल तर मोजायलाही काही उरत नाही.

आता नाशिकची थंडी घ्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे बागेत काम केलेल्या माणसाच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. शरीर आतली ऊब राखायला हातापायांचे रक्त आखडते घेते. फुप्फुसे निरोगी, रक्तात भरपूर ऑक्सिजन, पण बोटातला ठोका मंदावलेला. अशा वेळी यंत्र तीनपैकी एक काहीतरी करते. नुसत्या रेघा दाखवते, खूप वेळ घेते, किंवा चुकीचा आकडा दाखवते. यातले तिसरे सगळ्यांत वाईट, आणि त्यात एक गमतीशीर नियमितता आहे. खरा ठोका क्षीण झाला की त्याच्या जागी हात हलल्याने किंवा बाहेरचा उजेड शिरल्याने होणारा गोंधळ मोजला जातो. हा गोंधळ लाल आणि अवरक्त दोन्ही प्रकाशांत साधारण सारखाच असतो, म्हणून दोघांचे गुणोत्तर एकाच्या आसपास येते. यंत्राच्या आत भरलेल्या तक्त्यात गुणोत्तर एक म्हणजे ८५ टक्के. त्यामुळे गार पडलेल्या किंवा थरथरत्या बोटावर ८५ च्या आसपास घुटमळणारा आकडा दिसला आणि माणूस शांतपणे बोलत बसलेला असला, तर आधी शंका यंत्राची घ्यावी.

शंका फेडायची रीत सोपी आहे, पण घाईत ती कुणी पाळत नाही. हात चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करावा आणि कोरडा करावा. नेलपॉलिश, विशेषतः गडद रंगाची, पुसावी. दाट काळी मेंदी असेल तर दुसरे बोट निवडावे. पाच मिनिटे बसून, हात छातीच्या उंचीवर टेकवून, चिमटा लावल्यावर निदान अर्धा ते एक मिनिट आकडा स्थिरावू द्यावा. आणि मग सगळ्यांत महत्त्वाचे: पडद्यावर SpO2 च्या शेजारी PRbpm म्हणून जो आकडा असतो तो नाडीचा. तो मनगटावर बोटे ठेवून, घड्याळ पाहून मोजलेल्या नाडीशी जुळतो का ते पाहावे. मनगटावर ८० आणि पडद्यावर १३०, तर यंत्राला खरा ठोका सापडलेलाच नाही आणि शेजारच्या टक्क्यांना काही अर्थ नाही. काही यंत्रांवर PI असाही आकडा असतो. नाडीबरोबर बदलणारा प्रकाश किती टक्के आहे हे तो सांगतो. तो एकाच्याही बराच खाली, शून्य दशांश दोन-तीनवर असेल, तर ठोका अगदी क्षीण आहे असे समजावे.

इथे थंडी आणि आजार यांत फरक करायला हवा. जुलाबाने सुकलेले मूल, प्रसूतीनंतर खूप रक्त गेलेली बाई, जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला म्हातारा, यांचीही बोटे गार असतात. पण ती खोलीच्या गारव्याने झालेली नसतात. शरीराने मेंदू आणि हृदयासाठी हातापायांचे रक्त काढून घेतलेले असते. हात चोळून ती बोटे गरम होत नाहीत, आणि झाली तरी पुन्हा गार पडतात. अशा रुग्णाच्या बोटाला यंत्र लागत नाही म्हणून दुसरे यंत्र आणायला माणूस पाठवला जातो, तिसरे बोट, चौथे बोट पाहिले जाते. आकडा न येणे हीच तिथे बातमी असते. तळहाताची ऊब, नख दाबून सोडल्यावर ते पुन्हा गुलाबी व्हायला लागणारा वेळ, रक्तदाब आणि शुद्ध, या गोष्टी त्या क्षणी टक्क्यांपेक्षा जास्त सांगतात.

पण आतापर्यंत बोललो ती चूक पकडता येणारी आहे, कारण यंत्र अडखळते आणि अडखळताना दिसते. रक्तक्षयात ते अडखळतच नाही. तिथे आकडा स्वच्छ येतो, स्थिर राहतो आणि साधारणपणे खराही असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे हा आडवाटेचा अपवाद नव्हे. यंत्र सांगते ते एवढेच, की असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसला आहे. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे त्याला ठाऊक नाही. आगारातून चौदाऐवजी सहाच एसट्या सुटल्या आणि सहाही गच्च भरल्या, तर ‘गाड्या ९८ टक्के भरल्या’ हा अहवाल खरा असतो, पण निम्म्याहून जास्त उतारू स्थानकावरच राहिलेले असतात.

हिशेब करून पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले तर साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. समजा, पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातली आठव्या महिन्यातली एक गरोदर बाई उपकेंद्रात आली आहे. हिमोग्लोबिन ६.५, म्हणजे गरोदरपणातल्या तीव्र रक्तक्षयाच्या सातच्या रेषेखाली. बोटावर ९८. साडेसहा गुणिले १.३४, त्याचे ९८ टक्के, म्हणजे तिच्या दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ८.५ मिलिलिटर ऑक्सिजन आहे. शेजारच्या बाकावर हिमोग्लोबिन १४ असलेला न्यूमोनियाचा रुग्ण आहे आणि त्याचा आकडा ८८. त्याच हिशेबाने त्याच्या रक्तात १६.५ मिलिलिटर, जवळजवळ दुप्पट. यावरून तो सुरक्षित आहे असे मुळीच नाही, त्याची फुप्फुसे बिघडत आहेत आणि त्याला ऑक्सिजन हवाच. पण निव्वळ आकडे पाहणाऱ्याला त्याची धावपळ दिसेल आणि बाई घरी जाईल. स्वस्थ बसलेले शरीर दर १०० मिलिलिटरमागे साधारण पाच मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. बाईकडे शिल्लक साडेतीन.

यावर कुणी म्हणेल, महिनोन् महिने वाढलेल्या रक्तक्षयाची शरीराला सवय होते, ती बाई चालतबोलत आली आहे, मग बिघडले काय? सवय होते हे खरे. हृदय जास्त रक्त फेकते, पेशी त्यातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. पण ही सगळी शिल्लक आधीच खर्ची पडलेली असते. प्रसूतीत निरोगी बाईला सहज सोसणारा रक्तस्राव तिला सोसत नाही. आणि गंमत अशी, की ते ओझे त्याच पडद्यावर दिसत असते. बसल्या जागी नाडी ११५ किंवा १२० असेल, तर ९८ पेक्षा तो दुसरा आकडा अधिक बोलका आहे. नखे आणि ओठ निळे पडण्याची वाट पाहण्यातही अर्थ नाही. निळेपणा दिसायला ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन ठराविक प्रमाणात साठावे लागते, आणि रक्तक्षयी माणसात तेवढे हिमोग्लोबिनच नसते. खालच्या पापणीचा आतला भाग पाहणे आणि हिमोग्लोबिन मोजणे, याला पर्याय नाही. एक बारकावा मात्र सांगायला हवा: रक्तक्षय आणि फुप्फुसाचा आजार एकत्र आले आणि खरे प्रमाणच बरेच घसरलेले असले, तर काही यंत्रे खऱ्यापेक्षाही कमी आकडा दाखवतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. हजार रुपयांचे यंत्र चुकेलच, चांगले घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. अर्धे खरे आहे. रुग्णालयातली यंत्रे क्षीण ठोका आणि हालचाल यांतून नाडी शोधण्यात घरगुती यंत्रांपेक्षा पुष्कळ सरस असतात. पण सगळीच यंत्रे निरोगी स्वयंसेवकांवर जुळवलेली असतात. त्यांचा ऑक्सिजन सुमारे ७० टक्क्यांच्या खाली नेणे योग्य नाही, म्हणून त्याखालचे आकडे हा अंदाज असतो. त्यावरही दोन-तीन टक्क्यांची मागेपुढे चूक गृहीत धरलेली असते, म्हणून सकाळचे ९६ आणि संध्याकाळचे ९५ यात घसरण शोधू नये. त्वचेच्या रंगाचा प्रश्न किंमत वाढवूनही सुटलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवले, की यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतले खरे प्रमाण ८८ च्या खाली असण्याचे प्रकार गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. सावळ्या माणसाला धाप लागलेली असताना ९३ वर निर्धास्त राहू नये, एवढे त्यातून आपल्यालाही घेता येते.

मग यंत्र फेकून द्यायचे का? नाही. दमा, न्यूमोनिया, फुप्फुसाचा जुना आजार यांत एकाच माणसाचा, एकाच बोटावर, त्याच स्थितीत घेतलेला आकडा दिवसागणिक कुठे चालला आहे, हे त्याच्याइतके स्वस्तात दुसरे काही सांगत नाही.

हिवाळ्यात मात्र नाशिककरांनी एक प्रसंग वेगळा काढून ठेवावा, कारण तिथे यंत्र खोटे बोलते आणि अडखळतही नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असतो, हवा खेळत नाही, आणि ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड साठतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो आणि लाल प्रकाशात तो जवळजवळ ऑक्सिजनसारखाच दिसतो. दोनच प्रकाश वापरणाऱ्या साध्या यंत्राला दोघांत फरक करता येत नाही. बेशुद्ध माणसाच्या ऊबदार, गुलाबी बोटावर ते खुशाल ९८ दाखवते. अशा माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि डॉक्टरांना गिझरची गोष्ट आधी सांगावी. मग आकडा काहीही असो, ते भरपूर ऑक्सिजन सुरू करतात आणि रक्त को-ऑक्सिमीटरवर तपासायला पाठवतात. ते यंत्र अनेक रंगांच्या प्रकाशांनी चिकटलेला वायू कोणता, हे वेगळे मोजते.